खोडदच्या दुर्बिणीने विश्वाच्या पहाटेचा आवाज ऐकला का?

विरार लोकलमध्ये कानात एफएम लावून बसलात, तर तुमचा मोबाईल 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या रेडिओ लहरी पकडत असतो. विश्वात पहिले तारे पेटत होते, त्या काळातल्या हायड्रोजनचा सिग्नलही आज याच पट्ट्याच्या आसपास पृथ्वीवर पोहोचतो. फरक इतकाच, की मुंबईच्या एफएम स्टेशनपुढे तो नगण्य आहे. वसई-विरारच्या गच्चीवरून तो पकडणं विसराच.

महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी विश्व इतकं थंड झालं, की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू बनले. त्यानंतर कोट्यवधी वर्षं एकही तारा नव्हता. याला विश्वाचं अंधारयुग म्हणतात. मग गुरुत्वाकर्षणाने वायू एकवटला आणि पहिले तारे पेटले. त्यांच्या अतिनील प्रकाशाने आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन पुन्हा सुटे केले. प्रत्येक तारकासमूहाभोवती असा एक बुडबुडा तयार झाला. बुडबुडे वाढत गेले, एकमेकांत मिसळले आणि महास्फोटानंतर सुमारे 100 कोटी वर्षांनी जवळपास सगळा वायू असा फुटलेला होता. हेच पुनरायनीभवन.

हे पाहायचं कसं? न फुटलेला हायड्रोजन स्वतःच 21 सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. विश्व प्रसरण पावतं, तशी ही लहरही वाटेत ताणली जाते. महास्फोटानंतर सुमारे 57 कोटी वर्षांनी निघालेली लहर आपल्यापर्यंत येताना दोन मीटरची होते, म्हणजे 150 मेगाहर्ट्झच्या जवळपास. जिथे बुडबुडा, तिथे सिग्नल नाही. जिथे अजून अखंड हायड्रोजन, तिथे आहे. एकूण चित्र जाळीदार घावनासारखं!

या 150 मेगाहर्ट्झवर ऐकू शकणारी एक मोठी दुर्बीण आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला आहे. तिचं नाव जीएमआरटी. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे यशवंत गुप्ता, कॅनडाचे उ-ली पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे पुनरायनीभवनाचा माग काढायचं ठरवलं.

पहिली अडचण जमिनीवरची होती. विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर जिथे ठिणग्या सोडतात, तिथून रेडिओ गोंगाट येतो. असे स्रोत शोधून त्यांचा गोंगाट मोजमापातून काढावा लागला.

दुसरी अडचण आकाशातली, आणि ती जास्त अवघड. आपल्या आकाशगंगेचा रेडिओ उजेड हायड्रोजनच्या सिग्नलच्या हजारो पटींनी प्रखर आहे. पण त्याचा एक स्वभाव आहे: वारंवारता बदलत गेलात, तर तो अगदी हळू, सपाटपणे बदलतो. हायड्रोजनचा सिग्नल मात्र पटापट वरखाली होतो, कारण वारंवारता बदलली की आपण वेगळ्या अंतरावरचे, म्हणजे वेगळे बुडबुडे पाहत असतो. त्यामुळे जे सपाट आहे ते वजा करायचं आणि उरेल ते तपासायचं, अशी पद्धत.

2011 मध्ये या गटाने निकाल दिला: हायड्रोजनच्या सिग्नलचे चढउतार 70 मिलिकेल्विनपेक्षा जास्त असू शकत नाहीत. सिग्नल सापडला नव्हता. पण ‘यापेक्षा मोठा नाही’ एवढं कळलं, तरी तो वायू फारच थंड होता असं मानणारे काही अंदाज अडचणीत येतात.

खरी गंमत पुढे आहे. सपाट भाग वजा करताना थोडा खरा सिग्नलही कचऱ्यात जात असेल तर? ओळखायला सोपी युक्ती आहे. संगणकावर खोटा सिग्नल तयार करायचा, तो खऱ्या मोजमापात मिसळायचा, तीच वजाबाकी करायची आणि शेवटी त्यातला किती उरतो ते पाहायचं. दहा रुपये टाकून चारच परत आले, तर खऱ्या सिग्नललाही तेवढीच कात्री लागली असणार.

ही तपासणी करून याच गटाने 2013 मध्ये सुधारित मर्यादा जाहीर केली: 248 मिलिकेल्विन. आधीच्यापेक्षा साडेतीन पट सैल. बातमी म्हणून हा निकाल फिका वाटेल, पण माझ्या मते या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. सिग्नल गमावण्याचा हा धोका खोडदपुरता नाही. अशी वजाबाकी करणाऱ्या प्रत्येक दुर्बिणीला तो आहे.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या ‘हेरा’ दुर्बिणीने थोड्या नंतरच्या काळासाठी ही मर्यादा सुमारे 21 मिलिकेल्विनपर्यंत खाली आणली. त्यांचा निकालही ‘यापेक्षा मोठा नाही’ असाच आहे. जेम्स वेब दुर्बिणीने त्या काळातल्या दीर्घिका दाखवल्यात, पण त्यांच्या मधल्या हायड्रोजनची जाळी 21 सेंटीमीटरच्या लहरींमध्ये अजून उमटलेली नाही.