काँक्रीटच्या चौकटीतली जाळी

पुण्या-ठाण्यातल्या माइवान पद्धतीच्या इमारतींत विटेची भिंत नसते. विटेत भोक पाडून खिडकीच्या जाळीचे फाटे सिमेंटात गाडायची जुनी रीत इथे चालत नाही. छिन्नी लावली तर आधी सळई लागते. म्हणून फॅब्रिकेटर लोखंडी प्लेटी बोल्टने काँक्रीटला धरतो आणि जाळी त्या प्लेटींना जोडतो.

खिडकी 1200 मिमी रुंद आणि भिंत 150 मिमी जाड असल्याचे समजू. रुंदी वर 1206, मध्ये 1202 आणि खाली 1198 भरते. हिशेब नेहमी सर्वांत लहान मापाचा. दोन्ही बाजूंना 20 मिमी सोडले की जाळी 1158 मिमीची होते. हे अंतर मोठे वाटते. पण प्लेट 6 मिमीची, आणि तिच्यावर वॉशर, नट व बोल्टचे टोक असते. त्यांना जागा ठेवली नाही, तर जाळी आत जातच नाही.

खरी अडचण कडेची आहे. आतले 60 मिमी स्लायडिंगच्या ट्रॅकने खाल्लेले असतात. उरलेल्या 90 मिमीच्या मध्यावर भोक पाडले, तर ते बाहेरच्या कोपऱ्यापासून अवघ्या 45 मिमीवर येते. अँकर आत फुलून पकडतो, तेव्हा कोपऱ्याचा तुकडा निघू शकतो. म्हणून भोके कोपऱ्यापासून 60 मिमीवर घ्यायची, बोल्ट 8 मिमीचा आणि प्लेट 50 मिमी रुंद. ती ट्रॅकच्या 5 मिमी अलीकडे थांबते. भोकाची खोली गिलाव्यापासून नव्हे, काँक्रीटपासून मोजायची. आतली भुकटी फुंकून काढायची; बहुतेक कारागीर इथेच घाई करतात. नट आवळताना बोल्टच फिरू लागला, तर पकड बसलेली नाही. ड्रिल सळईवर अडले, तर भोक सरकवायचे आणि जुने ग्राउटने भरायचे.

प्रत्येक बाजूला तीन प्लेटी, प्रत्येकीत 100 मिमी अंतरावर दोन बोल्ट. खालच्या उंबऱ्याला भोक नको, तिथे पावसाचे पाणी मुरते.

जाळी पाचरींवर उभी करून ओळंबा लावायचा. मग दोन बोल्टांच्या मधल्या जागी, जाळीच्या चौकटीपासून प्लेटीपर्यंत, 5 मिमी जाड पट्टीचा तुकडा टाक्याने धरायचा. टाके समोरासमोरच्या कोपऱ्यांत घालायचे, नाहीतर वेल्डिंगच्या ओढीने जाळी तिरकी होते. ओळंबा पुन्हा पाहून मगच पूर्ण वेल्ड, तोही थांबत थांबत. एकाच प्लेटीवर सलग उष्णता दिली तर बोल्टाभोवतीचे काँक्रीट तडकते. केमिकल अँकर असेल तर आतली राळ मऊ पडते. काच आणि ट्रॅक ओल्या गोणपाटाने झाकले नाहीत, तर ठिणग्यांचे डाग कायमचे राहतात.

बोल्ट चौकटीमागे गेल्याने बाहेरून पाना लावणे कठीण होते. त्याच कारणाने प्लेटींना रेड ऑक्साइड जाळी बसवण्याआधीच द्यावे लागते. नंतर ब्रश तिथे पोहोचत नाही. वेल्डवर मात्र कीट झाडून ते नंतर लावायचे.