आठ महिने की साडेनऊ?

स्टार्टअपच्या संस्थापकाकडून महिन्याचं पत्र आलं की गुंतवणूकदार सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो: बँकेत किती पैसे आहेत आणि ते किती दिवस पुरतील. म्हणून चांगलं पत्र आकड्यांनीच सुरू होतं.

उदाहरणादाखल पुण्यातली एक छोटी कंपनी घेऊ. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर शीतटाक्या असतात. टाकीतलं तापमान वाढू लागलं की डेअरीला मोबाइलवर इशारा देणारं यंत्र ही कंपनी भाड्याने देते. 140 यंत्रं, प्रत्येकी महिना अडीच हजार रुपये, म्हणजे साडेतीन लाखांची बिलं. खात्यात मात्र दोनच लाख आले. खर्च 11 लाख. म्हणजे महिन्याला नऊ लाखांची घट, आणि शिल्लक 72 लाख. आठ महिने.

नवखा संस्थापक नेमका इथे फसतो. बिलाचे साडेतीन लाख तो आलेच असं धरतो आणि हाताशी साडेनऊ महिने आहेत असं कळवून मोकळा होतो. नवी गुंतवणूक उभी करायला सहा महिने सहज जातात. त्यामुळे खरा हिशेब मांडला, तर धावपळ दोन महिन्यांत सुरू करायला हवी, हे दिसतं. आकडे दर महिन्याला तेच आणि त्याच रीतीने मोजलेले हवेत. कालपर्यंत पहिल्या ओळीत असलेली वसुली अचानक गायब होऊन तिथे ‘अ‍ॅपचे डाउनलोड’ आले, की जाणत्या गुंतवणूकदाराला शंका येतेच.

यशाला दोन ओळी पुरतात. एका नव्या डेअरीने 20 यंत्रं घेतली, एवढं पुरे.

अडचण मात्र कारणासकट लिहावी. ‘वसुली थोडी रखडली आहे’ यातून कुणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा असं लिहावं: ‘60 यंत्रं घेतलेल्या डेअरीने दीड लाखांचं बिल अडवलं आहे. तिच्या 18 केंद्रांवर नेटवर्क जातं, इशारा उशिरा पोचतो, दूध नासतं. 15 तारखेपर्यंत तिथे दोन सिमकार्डांची यंत्रं बसवतो आहोत. तरीही जमलं नाही, तर त्या केंद्रांचं भाडं सोडून देऊ.’ ग्राहकाचं नाव इथे न घेतलेलं बरं, कारण असं पत्र पुढे कुणाकडे जाईल याचा नेम नसतो.

शेवटी मागणी. ‘काही ओळखी असतील तर सांगा’ असं लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी करेल. ‘कोल्हापूर-सांगली भागातल्या मोठ्या दूध संघाच्या खरेदीप्रमुखाशी 20 तारखेच्या आत भेट हवी आहे; पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर खाली दिला आहे’ असं लिहिलं, तर ओळख असलेल्या माणसाचं काम दोन मिनिटांचं होतं. पुढच्या पत्रात त्या भेटीचं काय झालं ते कळवावं, भेट फसली असली तरीही.