पगार थांबण्याआधीची चार वर्षं

समजा, पुण्यात नोकरी करणारी तिशीतली एक इंजिनिअर आहे. पगार वर्षाला पंधरा लाख, महिन्याचा खर्च ४० हजार. चार वर्षांनी नोकरी सोडून तिला विद्यापीठात दोन वर्षांचं पूर्णवेळ एम. ए. करायचं आहे. किती पैसे लागतील? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे ४० हजार गुणिले २४, अर्थात ९ लाख ६० हजार.

हा आकडा फसवा आहे. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर चार वर्षांनी तोच खर्च ५० हजारांपुढे जातो आणि दोन वर्षांचे साडेबारा लाख होतात. फी आणि विम्याच्या हप्त्याचे सव्वा लाख धरू. शिवाय निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुणी नेमणूकपत्र घेऊन उभं नसतं, म्हणून पुढच्या चार महिन्यांचे सव्वादोन लाख. झाले १६ लाख. सात टक्के परतावा मिळाला तर दरमहा साधारण २९ हजार बाजूला टाकून ४८ महिन्यांत ही रक्कम उभी राहते.

ती ठेवायची कुठे? शेअर बाजाराचा मोह होणारच. पण २०२० च्या जानेवारीत ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांखाली होता. बाजार नंतर सावरला खरा, मात्र कॉलेजचा प्रवेश त्यासाठी थांबत नाही. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, तो शेअरमध्ये नको.

उरतात रिकरिंग आणि डेट फंड. रिकरिंगच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो, तोही पगार चालू असताना, म्हणजे वरच्या टप्प्याच्या दराने. डेट फंडातला नफा मात्र पैसे काढाल त्याच वर्षी मोजला जातो. सुट्टीच्या वर्षांत पगारच नाही आणि नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे दरमहा थोडेथोडे पैसे काढले तर कर बहुधा शून्यच. आपल्या उदाहरणात नफा दोन लाखांच्या आसपास, म्हणजे वाचणारा कर तीसेक हजार. महिन्याच्या खर्चाचा मोठा भाग. मात्र जास्त व्याजाच्या मागे लागून कच्च्या कर्जरोख्यांचा फंड घेऊ नये. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा डेट योजना गुंडाळल्या, तेव्हा लोकांचे पैसे बराच काळ अडकले होते. लिक्विड किंवा मनी मार्केट फंड पुरे. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च तर बँकेतच असावा.

आरोग्य विम्याची आठवण बहुतेकांना राजीनाम्यानंतर होते. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबरच संपतो आणि स्वतःच्या नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्याने पॉलिसी पहिल्याच वर्षी घ्यावी. नोकरी सोडेपर्यंत तो प्रतीक्षाकाळ संपलेला असेल.