ऊन कडक, वीज कमी

अकोल्यातल्या एका गच्चीवर 540 वॉटची सहा पॅनेलं बसवली आहेत, असं धरू. बेरीज 3240 वॉट. मे महिन्यातली दुपार, सावलीतला पारा 43 वर आणि आकाशात ढगाचा टिपूसही नाही. तरी इन्व्हर्टरवर आकडा दिसतो जेमतेम 2450. घरमालक आधी पॅनेलवरच्या धुळीला दोष देतो, मग बसवणाऱ्याला.

खरं तर 540 हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. प्रत्येक चौरस मीटरवर 1000 वॉट प्रकाश आणि पॅनेलमधल्या सेलचं तापमान 25 अंश, अशा ठरलेल्या स्थितीत झटक्यात लखलखाट करून तो मोजतात. इतक्या अल्प वेळात सेल तापतच नाही. जगभरातली पॅनेलं एका मापाने तोलायला ही सोय उत्तम, पण आपल्या गच्चीवर ही स्थिती जवळजवळ कधीच जुळून येत नाही. सूर्य हजार वॉट देतो तेव्हा सेलही तापवतोच.

किती तापवतो? पूर्ण उन्हात सेल हवेपेक्षा साधारण 30 अंशांनी जास्त तापतो. आपल्या दुपारी हवेतल्या धुरकटपणामुळे प्रकाश 900 वॉट आहे असं मानलं, तर ही वाढ 28 अंश. म्हणजे सेल 71 अंशांवर, प्रयोगशाळेपेक्षा 46 अंश वर. आजच्या बऱ्याच पॅनेलांची ताकद दर अंशाला सुमारे 0.35 टक्के घटते. 46 अंशांची घट झाली 16 टक्के. प्रकाश कमी म्हणून 3240 चे 2916 झाले आणि उष्णतेने त्यांचे 2450 केले. पॅनेल ठणठणीत आहे.

पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. करंट प्रकाशावर ठरतो. उष्णतेने तो किंचित वाढतोच. पडतं ते व्होल्टेज. तापलेल्या सिलिकॉनमध्ये विद्युतभार आतल्या आतच एकमेकांत मिसळून वाया जाण्याचं प्रमाण वाढतं आणि सेलचा दाब उतरतो. एका रांगेत जोडलेल्या आपल्या सहा पॅनेलांचा दाब 249 व्होल्टवरून 209 च्या आसपास येतो.

दोष ओळखायची खूण यातच आहे. भर उन्हात व्होल्टेज उतरलेलं, पण करंट प्रकाशाच्या हिशेबात, तर कारण बहुधा उष्णता. व्होल्टेज ठीक आणि करंटच कमी, तर आधी धूळ पाहा. सावली मात्र दोन्ही आकडे बिघडवू शकते.

उष्णतेवर इलाज थोडाच. पॅनेलखाली वारा खेळायला मोकळी जागा हवी. पत्र्याला चिकटवून बसवलेलं पॅनेल जास्त तापतं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र ओतू नका, तडा जाऊ शकतो. धुवायचं तर सकाळी लवकर धुवा, आणि तक्रारीचा फोन करण्याआधी इन्व्हर्टरवरचा करंट एकदा वाचा.