अपेक्षित पगाराच्या रकान्यात काय लिहायचं?

ऑनलाइन अर्ज भरताना नाव, शिक्षण, अनुभव हे सगळं भराभर लिहून होतं आणि ‘एक्स्पेक्टेड सीटीसी’ या रकान्याशी हात थांबतो. जास्त लिहिलं तर अर्ज बाजूला पडेल, कमी लिहिलं तर तेवढ्यावरच बोळवण होईल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण माझ्या मते जास्त नुकसान तिसऱ्याच गोष्टीने होतं: बहुतेक जण हातात येणारा पगार डोक्यात धरून सीटीसीच्या रकान्यात आकडा टाकतात.

समजा, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या, चार वर्षं अनुभव असलेल्या एका मुलीची सीटीसी वर्षाला 6 लाख 60 हजार आहे. त्यात 60 हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग. कंपनी भरते तो पीएफ महिना 1,800 प्रमाणे 21,600. बेसिक निम्मं, म्हणजे 3 लाख 30 हजार असेल, तर त्याच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी, सुमारे 15,900. हे तिन्ही वजा केले की महिन्याला साधारण 46,900 उरतात. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की खात्यात पडतात 44,900. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही.

तिच्या मनात मात्र ‘आपला पगार 45 हजार’ एवढंच पक्कं असतं. बाराने गुणले, 5 लाख 40 हजार झाले, त्यावर 20 टक्के वाढ धरली आणि रकान्यात 6 लाख 48 हजार लिहिले. वाढ मागतोय असं तिला वाटतं; प्रत्यक्षात तिने आजच्या सीटीसीपेक्षा 12 हजार कमी मागितलेले असतात! समोरचा एचआरवाला ही चूक दाखवून देईलच असं नाही.

म्हणून हिशेब उलटा करावा. तिला हातात 55 हजार हवे आहेत. त्यात पीएफ-व्यवसाय कराचे 2,000 मिळवले की 57 हजार, वर्षाचे 6 लाख 84 हजार. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरली की सीटीसी होते सुमारे 7 लाख 23 हजार. पण नव्या कंपनीत 10 टक्के व्हेरिएबल असेल, तर महिन्याला तेच 55 हजार हातात यायला 8 लाख 5 हजारांची सीटीसी लागते. अर्ज भरताना ही विभागणी माहीत नसते, म्हणून दुसरा आकडा धरणं शहाणपणाचं. पीएफ पूर्ण बेसिकवर कापणाऱ्या कंपनीत हा आकडा आणखी वर जातो.

आता चाळणीचं. अर्ज शेकड्यांनी आले की एचआरवाले पगाराची खालची-वरची मर्यादा लावून यादी लहान करू शकतात. जाहिरातीत ‘6 ते 9 लाख’ लिहिलं असेल आणि अनुभव तीन ते सहा वर्षं मागितला असेल, तर 9 लाख सहसा सहा वर्षंवाल्यांसाठी राखलेले असतात. चार वर्षंवालीने 8 लाख लिहिले तर ती मर्यादेच्या आत राहते आणि घासाघीस झाली तरी खाली यायला जागा उरते. जाहिरातीत पगार दिलेला नसेल, तर त्याच शहरातल्या, तेवढ्याच अनुभवाच्या चार-पाच दुसऱ्या जाहिराती बघाव्यात आणि आपला आकडा त्यात कुठे बसतो ते पाहावं.

शून्य किंवा 1 लिहून ‘बोलू नंतर’ असं सुचवणारे बरेच असतात. खालची मर्यादा लावलेली असली की असा अर्ज यादीत दिसतच नाही. ‘चर्चेला वाव आहे’ हे लिहायचंच असेल, तर शेरा लिहायच्या चौकटीत लिहावं. रकाना लाखांत मागतो, पूर्ण रुपयांत की महिन्याचा, हेही दोनदा वाचावं. जिथे 800000 हवं तिथे 8 लिहिलं, तर आठ रुपये पगार मागितल्यासारखं होतं. किमान आणि कमाल असे दोन रकाने असतील, तर किमान आकडा खरोखर चालेल तोच लिहावा, कारण बोलणी बहुतेक तिथूनच सुरू होतात.

सध्याचा पगार मात्र फुगवू नये. पगारपत्रक आणि फॉर्म 16 मागितले जातात, आणि आलेली ऑफर त्या टप्प्यावर मागे घेतली जाऊ शकते.

पहिला फोन आला की आकड्यावर अडून बसण्याआधी एवढंच विचारा: ‘यात फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, आणि पीएफ कशावर कापता?’ उत्तर मिळालं की हिशेब पुन्हा मांडा, आणि नवा आकडा कारणासह सांगा. फॉर्ममधला आकडा बदलायला तुम्ही मोकळे आहात, तो ऑफर लेटरवर सही होईपर्यंत.