बिलातली प्रत्येक ओळ वेगळी

अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या पोस्टपेड मोबाइलचं मासिक भाडं २४९ रुपये होतं आणि बिल सरासरी ५५५ रुपये यायचं. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या महिन्याचं बिल मात्र २४,६०९ रुपये ५१ पैशांचं आलं. प्रकरण ग्राहक मंचात गेलं. अशा तक्रारी मंचाने ऐकायच्या की नाही, या प्रश्नावर ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. फेब्रुवारी २०२२मध्ये न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने उत्तर दिलं : मोबाइल सेवेबद्दलची तक्रार ग्राहक आयोगात करता येते.

एवढा मोठा आकडा क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो. घरोघरी येतात ती दोन-अडीचशे रुपयांनी फुगलेली बिलं. आईवडील गावी, मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या शहरात. कागदी बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली एक ओळ असते, ‘या वेळी जास्त का आलंय बघ जरा.’ मग कस्टमर केअरला फोन जातो, ‘बिल जास्त आलंय’ असं सांगितलं जातं आणि पलीकडून ‘तुमच्या वापराप्रमाणेच आहे’ असं उत्तर येतं. एवढ्या मोघम तक्रारीला तितकंच मोघम उत्तर मिळतं. आकार ओळीनुसार लागलेला असतो, म्हणून तक्रारही ओळीनुसारच करावी लागते.

त्यासाठी आधी फोटो नीट हवा. पहिल्या पानावर फक्त गोषवारा असतो. कोणती सेवा कधी सुरू झाली, कोणता एसएमएस कुठे गेला, हा तपशील पुढच्या पानांवर असतो. त्यामुळे सगळ्या पानांचे फोटो लागतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो आकुंचन पावतो आणि बारीक आकडे पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. खाते क्रमांक, बिल क्रमांक, बिलाचा कालावधी आणि भरण्याची शेवटची तारीख, या चार गोष्टी फोटोत स्पष्ट दिसायला हव्यात.

आता एक नमुन्याचं बिल घेऊ. प्लॅन ३९९ रुपयांचा आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी ७१.८२, म्हणजे दर महिन्याला ४७०.८२ रुपये. या महिन्याचं बिल मात्र ७१७.४४ रुपये आहे. फोटोत चार ओळी दिसतात : मासिक भाडं ३९९, व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस ९९, आंतरराष्ट्रीय एसएमएस दोन, प्रत्येकी ५ प्रमाणे १० आणि विलंब शुल्क १००. बेरीज ६०८, त्यावर जीएसटी १०९.४४.

आकडे उतरवून घेतले की बेरीज करून पाहावीच. समजा, कागदाच्या घडीमुळे ९९चे ९० वाचले गेले. मग बेरीज ५९९ आणि करासह ७०६.८२ येते. छापील रकमेशी १०.६२चा फरक पडतो. त्याला १.१८ने भागलं की बरोबर ९ उरतात आणि चूक कुठे झाली ते कळतं. बेरीज जुळेपर्यंत फोन करू नये, कारण एक आकडा चुकला तरी पलीकडची व्यक्ती तेवढाच धरून बसते.

नेहमीपेक्षा जास्त आलेली रक्कम २४६.६२ रुपये. तिचे करासह तीन तुकडे पडतात : सेवेचे ११६.८२, एसएमएसचे ११.८० आणि विलंब शुल्काचे ११८. प्रत्येक तुकड्याची कहाणी निराळी आहे.

एसएमएसची ओळ बहुतेक वेळा खरी असते. नवा आयफोन सुरू करताना आयमेसेज आणि फेसटाइमसाठी फोन स्वतःच परदेशी क्रमांकावर एसएमएस पाठवतो. तो आपण टाइप केलेला नसतो, पण आपल्याच सिमवरून गेलेला असतो. तपशिलातली तारीख फोन बदलल्याच्या दिवसाशी जुळली, तर ही ओळ तक्रारीतून वगळावी.

विलंब शुल्काचा निकाल तारखांवर लागतो. शेवटची तारीख १८ होती, यूपीआयने पैसे १७ला गेले आणि कंपनीच्या खात्यात नोंद १९ला पडली, असं घडू शकतं. अशा वेळी बँकेच्या नोंदीतला व्यवहार क्रमांक हाच पुरावा. पैसे खरोखरच उशिरा भरले असतील तर शुल्क द्यावं लागतं आणि त्यावर जीएसटीही लागतो.

सगळ्यात भक्कम तक्रार होते ती तिसऱ्या ओळीची. एखादी गेम, कॉलर ट्यून किंवा राशिभविष्याची सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेतली पाहिजे, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३मध्ये बजावलं आहे. स्क्रीनवर चुकून बोट लागलं, तर ती दुसरी संमती होत नाही. म्हणून ‘आम्ही सेवा घेतलीच नाही’ एवढ्यावर न थांबता संमतीची नोंद मागावी. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक आहे. मात्र बंद करणं ही झाली विनंती. पैसे परत मागणं ही तक्रार. फोनवर दोन्ही वेगवेगळं सांगावं, नाहीतर सेवा बंद होते आणि तक्रार नोंदवलीच जात नाही.

लेखी तक्रार अशी लिहिता येईल :

‘माझ्या अमुक क्रमांकाच्या बिलातील दोन रकमा मला मान्य नाहीत. (१) व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस ९९ रुपये, करासह ११६.८२ : ही सेवा मी मागितलेली नाही. दोन्ही वेळच्या संमतीची तारीख, वेळ आणि माध्यम कळवावे. नोंद नसल्यास रक्कम परत करावी. (२) विलंब शुल्क १०० रुपये, करासह ११८ : रक्कम मुदतीत भरली आहे, व्यवहाराची नोंद जोडली आहे. एकूण वादग्रस्त रक्कम २३४.८२. उरलेले ४८२.६२ रुपये मी भरत आहे. निर्णय होईपर्यंत वादग्रस्त रकमेवर विलंब शुल्क लावू नये व सेवा खंडित करू नये.’

तक्रार बिलावर छापलेल्या क्रमांकावर किंवा ईमेलवरच करावी. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ क्रमांक भामट्यांचाही असू शकतो. पैसे परत देण्यासाठी ओटीपी मागणारा तर नक्कीच भामटा. बिलाचा फोटो समाजमाध्यमांवरही टाकू नये, कारण त्यावर नाव, पत्ता आणि खाते क्रमांक असतो.

तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक मिळायलाच हवा. पुढची प्रत्येक पायरी त्याच क्रमांकावर चढायची असते. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार या अपिलाला शुल्क नाही आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिथे थेट अर्ज करून उपयोग होत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ मात्र मदत करते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथेही शुल्क नाही.

तक्रार मान्य झाली की बहुतेकदा पैसे हातात येत नाहीत, पुढच्या बिलात वजा होऊन येतात. तिथेही आकडा तपासावा. सेवेचे फक्त ९९ वजा झाले असतील, तर १७.८२ रुपयांचा जीएसटी अजून कंपनीकडेच आहे. त्याच डॉकेट क्रमांकाचा हवाला देऊन तोही मागता येतो.