संध्याकाळच्या शिकवणीचे निवेदन : रत्नागिरीतील एका पत्रप्रकाराचा मागोवा

सेवानिवृत्त शिक्षकाने जून महिन्यात आपल्या आळीतील किंवा गृहसंकुलातील पालकांना लिहिलेले, पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी संध्याकाळची शिकवणी सुरू होत असल्याचे कळवणारे निवेदन हा शैक्षणिक इतिहासात सहसा नोंदला न जाणारा, तरीही शालेय व्यवस्थेतील प्रत्येक मोठ्या बदलाची खूण अंगावर वागवणारा पत्रप्रकार आहे. टिळक आळी किंवा झाडगावातील जुन्या घराच्या पडवीत भरणारी शिकवणी आणि नाचणे वा कुवारबावच्या नव्या इमारतीतील बैठकीच्या खोलीत भरणारी शिकवणी यांचे बाह्य रूप वेगळे असले, तरी दोन्हींच्या निवेदनांतील मूळ प्रश्न एकच असतो : शाळेत जे शिकवले जाते त्याखेरीज ही शिकवणी नेमके काय करणार आहे? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीसएक वर्षांत दोनदा मुळातून बदलले, आणि त्या बदलांची कारणे शिक्षकांच्या वैयक्तिक आवडीनिवडीपेक्षा परीक्षापद्धती, कायदा आणि 2020 मधील शाळाबंदी यांत अधिक सापडतात.

पहिल्या टप्प्यात हे उत्तर एका शब्दात देता येत असे, आणि तो शब्द ‘स्कॉलरशिप’ हा होता. राज्यात 1954-55 पासून घेतली जाणारी शिष्यवृत्ती परीक्षा दीर्घकाळ चौथी आणि सातवी या इयत्तांना होती. तिच्यात भाषा आणि गणित यांच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे आकृत्या, संख्यामालिका व सांकेतिक भाषा यांवरचे तर्काचे प्रश्न असत, आणि या तिसऱ्या घटकाला शाळेच्या वेळापत्रकात फारशी जागा नसल्याने तो शिकवणीकडे आपोआप येत असे. निवडक मुलांना पुढे नेणे हे या शिकवणीचे उद्दिष्ट असल्यामुळे त्या काळच्या निवेदनाचा रोख हुशार मुलाच्या पालकांकडे असे, आणि ज्याला सातवीत असूनही भागाकार जमत नाही अशा मुलासाठी त्यात एकही ओळ नसे. ही उणीव शिक्षकांच्या आस्थेतील नव्हती. वार्षिक परीक्षेत नापास झालेले मूल त्याच वर्गात राहत असल्याने त्याची उजळणी ही शाळेचीच जबाबदारी मानली जात होती.

दुसरा टप्पा 1 एप्रिल 2010 रोजी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 लागू झाला तेव्हा सुरू झाला. या अधिनियमाच्या कलम 16 ने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवण्यास मनाई केली, तर कलम 28 ने सेवेतील शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास बंदी घातली. दुसऱ्या तरतुदीमुळे शेजारच्या शिकवणीचे क्षेत्र कायद्याच्या दृष्टीने सेवानिवृत्त शिक्षक आणि शाळेत नोकरी नसलेले पदवीधर यांच्यापुरते उरले. पहिल्या तरतुदीमुळे त्या शिकवणीत येणाऱ्या मुलांचे स्वरूप बदलले. त्याच वर्षी राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धत आणली, जिच्यात वर्षभर चालणाऱ्या तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा नोंदींना ‘आकारिक’ आणि सत्राअखेरच्या परीक्षेला ‘संकलित’ मूल्यमापन म्हणतात. सातवी-आठवीसाठी या दोहोंचे प्रमाण 40 आणि 60 गुण असे ठरले, आणि प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी श्रेणी आली. कल्पना म्हणून ही पद्धत जुन्या एकाच परीक्षेपेक्षा निश्चितच माणुसकीची होती. परंतु ‘ब-2’ ही श्रेणी पाहून आपल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही की भूमितीतील रचना जमत नाही, हे पालकाला कळण्याची सोय तिच्यात नव्हती. वर्णनात्मक नोंद मुद्दाम वाचून तिचा अर्थ लावून देणारे कोणीतरी हवे होते, आणि याच सुमारास निवेदनांत ‘मूल कोठे अडले आहे ते पाहून शिकवले जाईल’ अशा आशयाचे वाक्य दिसू लागणे स्वाभाविक होते. शिष्यवृत्ती परीक्षाही 2016-17 पासून पाचवी आणि आठवीला गेली, त्यामुळे सातवीच्या अखेरीस संपणारी तयारी आणखी एक वर्ष लांबली. मात्र शिकवणीचा कणा ती परीक्षा राहिली नाही.

तिसऱ्या टप्प्याची सुरुवात मार्च 2020 मधील शाळाबंदीने झाली, आणि त्याचा परिणाम समजून घेण्यासाठी एकाच तुकडीचा प्रवास पाहणे उपयुक्त ठरते. 2019-20 मध्ये दुसरीत असलेल्या मुलांची तिसरी जवळजवळ संपूर्णपणे घरी गेली आणि चौथीचाही मोठा भाग तसाच गेला. म्हणजे गुणाकार-भागाकाराची पक्की मांडणी आणि अपूर्णांकांची ओळख हे दोन्ही टप्पे त्यांनी फोनच्या पडद्यावर किंवा मुळीच न पाहता ओलांडले. हीच तुकडी 2024-25 मध्ये सातवीत पोहोचली, जिथे पाठ्यपुस्तक परिमेय संख्यांवरील क्रिया, म्हणजे धन-ऋण अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार मागते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जुलै 2021 मध्ये मागील इयत्तेची उजळणी करून घेणारा 45 दिवसांचा सेतू अभ्यास आणला होता, पण तेव्हा शाळा बंद असल्याने तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत शिक्षकाच्या देखरेखीशिवायच पोहोचला. म्हणून 2022 नंतरच्या चांगल्या निवेदनात इयत्तेइतकाच ‘तिसरी आणि चौथी कशी गेली’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि पहिल्या आठवड्यात शिकवणे सुरू न करता निदान चाचणी, म्हणजे गुण देण्यासाठी नव्हे तर चुकीचे मूळ शोधण्यासाठी घेतलेली छोटी लेखी चाचणी घेतली जाईल असे त्यात आधीच सांगितलेले असते.

ही चाचणी कशी काम करते हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. सातवीतील मुलाने 2/3 + 1/4 चे उत्तर 3/7 लिहिले, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला गेला आहे हे कोणालाही दिसते. परंतु ते पाहून लगेच समच्छेद करण्याची रीत पुन्हा सांगणे ही घाई ठरते. अनुभवी शिक्षक आधी मुलाला 3/7 आणि 2/3 यांतील मोठा अपूर्णांक कोणता असे विचारतो. 3/7 अर्ध्यापेक्षा कमी आहे आणि 2/3 अर्ध्यापेक्षा जास्त, म्हणजे मिळवल्यानंतर आलेले उत्तर मूळच्या एका संख्येपेक्षाही लहान आहे, ही विसंगती ज्या मुलाला स्वतःहून खटकते, ते केवळ रीत विसरलेले असते आणि 8/12 + 3/12 = 11/12 ही मांडणी त्याला दोन-तीन दिवसांत परत येते. ज्याला ती खटकत नाही, त्याच्या मनात अपूर्णांक म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या दोन सुट्या संख्या असतात, आणि अशा मुलाला सातवीचे पुस्तक बाजूला ठेवून कागदाच्या घड्या, संख्यारेषा आणि ‘12 चा तीन चतुर्थांश किती’ यांसारख्या चौथीच्या कामाकडे न्यावे लागते. दोन्ही मुलांच्या वहीत चूक एकसारखीच दिसते, पण एकाला लागणारा वेळ दिवसांत आणि दुसऱ्याला लागणारा वेळ महिन्यांत मोजावा लागतो. शाळेतील मोठ्या वर्गात हा फरक शोधण्यासाठी लागणारी पाच मिनिटेच मिळत नाहीत.

दुसरे उदाहरण भागाकाराचे आहे. 4218 ला 6 ने भागताना 73 असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला सहाचा पाढा येत नाही असा निष्कर्ष बहुधा काढला जातो, आणि मग त्याच्याकडून पाढे घोकून घेतले जातात. वास्तविक 42 मध्ये 7 वेळा आणि 18 मध्ये 3 वेळा हे त्याने बरोबर ओळखलेले असते. मधल्या दशकस्थानी असलेल्या 1 ला भाग जात नाही म्हणून तेथे शून्य लिहायला हवे होते, आणि ते न लिहिल्याने 703 चे 73 झाले. दोष पाढ्यात नसून स्थानिक किमतीत, म्हणजे अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते या समजुतीत आहे. त्याला भागाकाराआधी उत्तराचा अंदाज करायला लावले, म्हणजे 4200 चा सहावा भाग 700 असल्याने उत्तर सातशेच्या आसपास असणार हे आधी लिहायला लावले, की 73 हे उत्तर त्याला स्वतःलाच चुकीचे दिसते. हाच मुलगा पुढे दशांश अपूर्णांकांत 0.125 ला 0.5 पेक्षा मोठे ठरवण्याची शक्यता असते, त्यामुळे निदान चाचणीत हे दोन प्रश्न शेजारी ठेवण्याची रीत विचारपूर्वक आहे.

अशा कामातून पटसंख्येची मर्यादा आपोआप ठरते. प्रत्येक मुलाची वही त्याच्या समोर तपासायची आणि त्याला बोलते करायचे असेल, तर दीड तासात आठ-दहा मुलांपलीकडे जाता येत नाही, आणि निवेदनात ही संख्या लिहिलेली नसणे ही पालकाने सावध होण्याची पहिली जागा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे 50 पेक्षा अधिक विद्यार्थ्यांच्या शिकवणी केंद्रांसाठी असल्याने आळीतील अशी शिकवणी त्यांच्या कक्षेत येत नाही. म्हणजेच तिथे पालकाला आधार फक्त त्या पत्रातील शब्दांचा असतो. माध्यमाचा उल्लेखही आता अपरिहार्य आहे, कारण सेमी-इंग्रजी वर्गात, जिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व उरलेले विषय मराठीतून असतात, मुलाला ‘डिनॉमिनेटर’ हा शब्द येतो आणि ‘छेद’ येत नाही, किंवा उलट होते, आणि घरी अभ्यास घेणारी आजी व शिकवणारे गुरुजी यांना एकमेकांचे शब्द जुळवून घ्यावे लागतात.

फीच्या परिच्छेदात रत्नागिरीचे स्थानिक अर्थकारण डोकावते. शिकवणी जूनमध्ये सुरू होते, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असल्याने मिरकरवाडा किंवा राजिवड्यातील मच्छीमार कुटुंबाची मिळकत नेमकी तेव्हाच थांबलेली असते. आंब्यावर अवलंबून असलेल्या घराचे पैसे एप्रिल-मेमध्ये येतात आणि शाळेच्या खरेदीत बरेचसे संपतात. संपूर्ण सत्राची फी पहिल्याच दिवशी मागणारे निवेदन त्यामुळे या मुलांना नकळत दाराबाहेर ठेवते, तर महिन्याच्या अखेरीस फी घेणारे आणि पहिले दोन महिने नारळी पौर्णिमेनंतर चुकते करण्याची मुभा देणारे निवेदन तीच फी ठेवूनही त्यांना आत घेते. वेळेच्या बाबतीतही असाच विचार लागतो, कारण मुसळधार पावसाच्या संध्याकाळी वीज जाणे नित्याचे असल्याने साडेसहाची शिकवणी साडेपाचला आणणे जून ते ऑगस्टपुरते शहाणपणाचे ठरते.

राज्याने 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली असून, तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते व तीतही यश न आल्यास त्याच वर्गात राहावे लागते. यामुळे शिकवणीवर पुन्हा परीक्षेचा दाब येऊ लागला आहे, आणि सातवीच्या पालकाकडून ‘आठवी पास होईल ना’ हा प्रश्न विचारला जाणे समजण्यासारखे आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर निवेदनातच असावे : चौथीचे अपूर्णांक भरून काढायला घेतलेल्या मुलाचे गुण पहिल्या सत्रात वाढतीलच असे नाही, कारण त्या काळात शाळा पुढचा धडा शिकवत असते आणि शिकवणी मागचा. ज्या मुलाला महिनाभर नेटाने काम करूनही अक्षरे उलटी दिसतात किंवा अंकांचा क्रम टिकत नाही, त्याला अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन वा गणनात येणाऱ्या विशिष्ट अडचणीची तपासणी लागते. ही अडचण शिकवणीने दूर होत नाही, आणि अशा वेळी पालकांना तज्ज्ञाकडे जाण्यास सांगितले जाईल, हे वाक्य ज्या निवेदनात असते त्याच्या लेखकाला आपल्या कामाची हद्द ठाऊक असते.

आजवर ही पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पाठीशी नियमित निवृत्तिवेतन होते, म्हणून फी कमी ठेवणे आणि पटसंख्या दहावर थांबवणे त्यांना परवडत होते. 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्या शिक्षकांना परिभाषित अंशदान योजना, म्हणजे वेतनातून कापलेल्या आणि शासनाने भर घातलेल्या रकमेवर आधारलेली निवृत्तियोजना लागू झाली, आणि त्यांच्यातील मोठी संख्या 2030 नंतर निवृत्त होऊ लागेल. त्यांच्या निवेदनातील पटसंख्येचा आकडा आणि फीचा परिच्छेद हे दोन्ही या फरकाने ठरणार आहेत.